नावाच्या आधीचं दीड मिनिट

28 ऑगस्ट 1963. वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर जवळपास अडीच लाख माणसं उन्हात उभी होती. सकाळपासून भाषणं आणि गाणी चालली होती. मोर्च्याचे प्रमुख ए. फिलिप रँडॉल्फ तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. शेवटच्या प्रमुख वक्त्याला बोलावण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी दोन-तीन वाक्यांत ते उरकलं. या देशाचे नैतिक नेते, अशा शब्दांत त्यांनी त्या माणसाकडे बोट दाखवलं, मार्टिन ल्यूथर किंग हे नाव घेतलं आणि बाजूला झाले.

रँडॉल्फ यांना सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बसमधल्या भेदभावाविरुद्ध माँटगोमेरीत वर्षभर चाललेला बहिष्कार, बर्मिंगहॅमचा तुरुंगवास, तिथून लिहिलेलं पत्र. शिवाय दोनच महिन्यांपूर्वी, जूनमध्ये, डेट्रॉइटच्या मोठ्या सभेत किंग यांनी ‘माझं एक स्वप्न आहे’ या धाटणीची वाक्यं उच्चारली होती, म्हणजे ती कुणाला माहीत नव्हती असंही नाही. त्या सभेची आठवण काढून ‘आता किंग आपल्याला त्यांच्या स्वप्नाबद्दल सांगतील’ असं कुणी म्हटलं असतं, तर ते चुकीचं वाटलं नसतं. पण किंग यांच्या हातातल्या लिखित भाषणात स्वप्नाचा भाग नव्हताच. भाषण संपत आलेलं असताना मागे बसलेल्या गायिका महेलिया जॅक्सन यांनी स्वप्नाबद्दल सांगा, असं मोठ्यानं म्हटल्याचं जवळच्या लोकांनी नंतर सांगितलं आहे. किंग यांनी कागद सोडला आणि ते वेगळ्याच वाटेनं निघाले. परिचयात स्वप्न आधीच येऊन गेलं असतं, तर ती वाट त्यांच्यासाठी उरली नसती. परिचय करून देणाऱ्याच्या कामाची मर्यादा इथे स्पष्ट दिसते. वक्ता नेमकं काय बोलणार, हे कधी कधी वक्त्यालाही ठाऊक नसतं. मग ते आधी सांगून टाकण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला कसा असेल?

महाराष्ट्रात हे काम जुनं आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात 1875 मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही चालते, आणि राज्यात शहरोशहरी, अनेक वाचनालयांतून आणि गणेशोत्सवांतून व्याख्यानांचा मोसम असतो. या कार्यक्रमांचा एक ठरलेला क्रम असतो. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, वक्त्यांचा परिचय, मग व्याख्यान, अध्यक्षीय समारोप आणि आभार. परिचयाचं काम बहुधा मंडळाच्या चिटणिसाकडे, शाळेतल्या एखाद्या बाईंकडे किंवा वक्त्याच्या ओळखीच्या माणसाकडे येतं. वक्त्याकडून दोन पानी माहिती मागवली जाते, ती कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी हातात पडते आणि संध्याकाळी जशीच्या तशी वाचली जाते. जन्म, शिक्षण, पदं, पुस्तकं, पुरस्कार. वाचणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. एवढा मोठा माणूस आपल्या गावात आला आहे, तर त्याचं काही सुटू नये, असं त्याला मनापासून वाटत असतं. याच भावनेपोटी तो वक्त्याचा ऐवजही उघडा करून बसतो.

यातली पारख कशी करायची, हे एका खऱ्या माणसाच्या खऱ्या माहितीवर करून पाहिलं की लगेच कळतं. कार्यक्रम मात्र कल्पनेतला. समजा, 2010 च्या सुमाराची एक व्याख्यानमाला आहे. वक्ते आहेत डॉ. जयंत नारळीकर. विषय आहे फलज्योतिषाची वैज्ञानिक कसोटी. परिचय लिहिणाऱ्याच्या टेबलावर नारळीकरांबद्दलची माहिती पडली आहे आणि त्याला तीनशे खुर्च्यांसमोर उभं राहायचं आहे.

माहिती भरपूर आहे. जन्म 1938, कोल्हापूर. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉएल यांच्याबरोबर केलेलं संशोधन, हॉएल-नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त. सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण. 1972 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आगमन. 1988 मध्ये पुण्यात आयुका या संस्थेची उभारणी. 2004 मध्ये पद्मविभूषण. विज्ञानकथा, विज्ञानप्रसार, युनेस्कोचा कलिंग पुरस्कार. त्याशिवाय दोन किस्से. पहिला असा की 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. दुसरा असा की स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा कागद म्हणजे प्रयोगाचा. नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर ज्योतिषांची एक चाचणी घेतली होती. तिच्यावरचा लेख 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या, अशा 200 जणांच्या जन्मवेळा गोळा करून कुंडल्या तयार केल्या. त्यांतून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढंच ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांची उत्तरं आली. त्यांची सरासरी बरोबर उत्तरं निघाली 46 टक्के. म्हणजे नाणं उडवून उत्तर दिलं असतं तर जे आलं असतं, त्याच्याच आसपास.

इथे परिचय लिहिणाऱ्याचा हात शिवशिवतो. 46 टक्के हा आकडाच इतका बोलका आहे की तो सांगितला की सभागृह गप्प होईल, टाळ्याही पडतील. पण तो आकडा व्याख्यानाच्या पस्तिसाव्या मिनिटाचा आहे. वक्ता आधी श्रोत्यांना विचारणार की तुम्ही ही चाचणी कशी घेतली असती. मग एकेक अडचण सांगणार. जन्मवेळ खरी कशावरून, गट कसे पाडायचे, कुंडल्यांचं वाटप ज्योतिषानं ठरवायचं की चिठ्ठ्या टाकून, आणि योगायोगानं किती उत्तरं बरोबर येतील. श्रोता मनातल्या मनात आपला अंदाज बांधत जाणार आणि मग आकडा येणार. तो आकडा पहिल्या मिनिटाला फुटला, तर पुढची पस्तीस मिनिटं श्रोता फक्त वाट पाहतो, कधी एकदा ते तिथे पोचतात याची. वक्त्याची सगळी मांडणी तीच राहते, तरी तिच्यातला ताण निघून जातो.

किस्स्यांचं गणित थोडं वेगळं आहे. जगतापांच्या नावाची गोष्ट छापून आलेली आहे, नारळीकरांनी स्वतः ती अनेकदा सांगितलेली आहे, म्हणजे ती गुपित नाही. मग ती परिचयात सांगायला काय हरकत? हरकत आहे की नाही, हे त्या संध्याकाळच्या विषयावर ठरतं. विषय विज्ञानकथा असेल, तर ती गोष्ट वक्त्याच्या पहिल्या पाच मिनिटांची, बहुधा त्याच्या सुरुवातीचीच असते. ती परिचयात आली की वक्त्याला व्यासपीठावर उभ्या उभ्या दुसरी सुरुवात शोधावी लागते. विषय फलज्योतिष असेल, तर ती गोष्ट कुणाचं काही हिरावून घेत नाही. पण ती श्रोत्यांना भलत्याच दिशेला नेते. दोन्ही वेळा ती गाळायची, कारणं मात्र निराळी. म्हणून एखादी माहिती प्रसिद्ध आहे का, हा प्रश्न परिचय लिहिणाऱ्याच्या फारसा कामाचा नाही. आज ती कुणाच्या तोंडून पहिल्यांदा यायला हवी, हे त्यानं स्वतःला विचारायचं.

मग परिचय देणाऱ्याच्या वाट्याला उरतं काय? उरतं ते वक्ता स्वतःच्या तोंडानं सांगू शकत नाही ते. या विषयावर बोलण्याचा आपला अधिकार कोणता, हे सभ्य माणूस स्वतः सांगत नाही. ते दुसऱ्यानंच सांगावं लागतं. शिवाय श्रोत्यांच्या मनात आधीपासून असलेला प्रश्न वर काढणंही त्याच्याच हातात असतं. व्याख्यानाला येईपर्यंत माणूस दिवसभराच्या कामात असतो, गाडी लावून धावत आलेला असतो. त्याचा प्रश्न त्याला आठवून देणं म्हणजेच उत्सुकता तयार करणं. उत्तर मात्र वक्त्याचं.

एवढं ठरल्यावर नारळीकरांचा परिचय साधारण असा लिहिता येईल:

“नमस्कार. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात कुठेतरी एक कुंडली ठेवलेली असते. लग्न जमवायची वेळ आली की ती खाली येते. मूल जन्माला आलं की नवी तयार होते. तिच्यात तथ्य आहे की नाही यावर आपण घरात, गाडीत, लग्नाच्या पंगतीत वाद घालतो. पण ते तपासून पाहायचं झालं तर कसं पाहायचं? कुणाला विचारायचं, काय विचारायचं, आणि आलेलं उत्तर बरोबर की चूक हे कशावरून ठरवायचं? आजच्या वक्त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पुण्यात प्रत्यक्ष करून पाहिलं आहे. विश्वाची रचना हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉएल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. पुण्यातली आयुका ही संस्था त्यांनी उभी केली. ‘फलज्योतिष : कसोटी कशी घ्यायची?’ या विषयावर बोलत आहेत डॉ. जयंत नारळीकर.”

शांतपणे वाचलं तर याला मिनिट-सव्वा मिनिट लागतं. मध्ये थांबत, श्रोत्यांकडे पाहत वाचलं तर दीड. त्याहून लांब परिचयाची गरज क्वचितच पडते. भाषणकलेवरच्या आपल्या पुस्तकांसाठी जगभर वाचले गेलेले डेल कार्नेगी यांनीही परिचयाचा हाच क्रम सांगितला होता. आधी विषय, मग तो या श्रोत्यांना का महत्त्वाचा, मग वक्ता, आणि नाव शेवटी. आपल्याकडे निमंत्रणपत्रिकेवर नाव ठळक छापलेलं असतं, मग शेवटी राखून ठेवण्यात काय अर्थ, असं कुणी विचारेल. अर्थ असा की नाव ही टाळ्यांची खूण आहे. नावानंतर आणखी एक वाक्य आलं, तर अर्ध्या टाळ्या त्या वाक्यावर पडतात आणि वक्ता खुर्चीतून अर्धवट उठून थांबतो.

या मजकुरात पुरस्कार एकही नाही, हे काहींना खटकेल. पद्मविभूषण, कलिंग पुरस्कार ही लहान नावं नव्हेत. पण फलज्योतिषावर बोलण्याचा अधिकार त्यांनी सिद्ध होत नाही. तो सिद्ध होतो तो आकाशाच्या अभ्यासात घालवलेल्या आयुष्यानं आणि प्रत्यक्ष केलेल्या चाचणीनं. यादीतल्या एक-दोनच गोष्टी घ्यायच्या आणि त्या विषयाला जोडलेल्या घ्यायच्या, म्हणजे त्या श्रोत्याच्या लक्षात राहतात. बारा पुरस्कार ओळीनं वाचले तर त्यांतला एकही राहत नाही.

आणखी एक शब्द इथे मुद्दाम वापरलेला नाही. अंधश्रद्धा. ‘अंधश्रद्धेवर प्रहार करणारे’ असं एक विशेषण लावलं असतं तरी निकाल फुटला असता. त्याहून वाईट म्हणजे, कुंडलीवर विश्वास असलेली सभागृहातली निम्मी माणसं वक्ता बोलायला उभा राहण्याआधीच हाताची घडी घालून बसली असती. नारळीकरांना नेमकी त्याच माणसांशी बोलायची इच्छा असणार. परिचय देणाऱ्याचं स्वतःचं मत काहीही असो, त्या दीड मिनिटात ते बाजूला ठेवावं लागतं.

याला एक प्रसिद्ध अपवाद आहे, आणि तो पाहण्यासारखा आहे. 12 डिसेंबर 1900 रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात सव्वीस वर्षांचे विन्स्टन चर्चिल व्याख्यान देणार होते. बोअर युद्धात प्रिटोरियाच्या कैदेतून निसटल्याची त्यांची कहाणी ऐकायला लोक जमले होते. परिचय करून द्यायला होते मार्क ट्वेन. त्यांना ते युद्ध मान्य नव्हतं, आणि त्यांनी ते तिथे सांगितलंही. इंग्लंडनं दक्षिण आफ्रिकेत जे पाप केलं तेच अमेरिकेनं फिलिपिन्समध्ये केलं, असं ते म्हणाले. मग चर्चिल वडिलांकडून इंग्रज आणि आईकडून अमेरिकन, म्हणजे परिपूर्ण मिश्रण, असं म्हणत त्यांनी दोन्ही देशांचं नातं या पापानंही जुळवलं आणि शेवटी वक्त्यावर येऊन थांबले. मतभेद उघडपणे सांगूनही उपलब्ध मजकुरात कैदेतून सुटकेचा एकही शब्द नाही. तुरुंगाची भिंत, रात्र, पाठलाग हे सगळं चर्चिल यांच्यासाठी जसंच्या तसं शिल्लक राहिलं. ट्वेन यांना हे शोभलं, कारण ते ट्वेन होते आणि लोक त्यांनाही ऐकायला आले होते. एरवी चिटणिसानं तसं धाडस केलं, तर संध्याकाळ त्याच्याच मताभोवती फिरत राहील.

वक्त्याचं आपण काही घेतोय का, हे लिहिणाऱ्याला बसल्या जागी नेहमीच कळत नाही. त्यासाठी फोन करावा लागतो. दोन दिवस आधी, पाच मिनिटांचा. त्यात पुरस्कारांची चौकशी नको. तुम्ही सुरुवात कशानं करणार आहात? कोणती गोष्ट मी सांगू नये असं तुम्हाला वाटतं? तुमच्या कामातली अशी एखादी बाब आहे का, जी तुम्ही स्वतः सांगणार नाही पण श्रोत्यांना माहीत असलेली बरी? आणि नाव, गाव, संस्था कशी उच्चारायची? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं परिचयात काय गाळायचं ते सांगतात, तिसऱ्याचं उत्तर काय घालायचं ते. बरेच वक्ते दुसऱ्या प्रश्नाला क्षणभर थांबतात. असं त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

आपल्या कार्यक्रमांत एक अडचण खास आपली आहे. परिचयाच्या आधी स्वागत आणि प्रास्ताविक होतं, आणि बहुधा तिघांच्या हातात माहितीची तीच दोन पानं असतात. स्वागत करणारा म्हणतो, आयुकाचे संस्थापक. प्रास्ताविक करणारा विषयाचं महत्त्व सांगता सांगता प्रयोगाचा निकालही सांगून जातो. मग परिचय देणारा तेच तिसऱ्यांदा वाचतो. एकानं कितीही नीट लिहिलं तरी उपयोग होत नाही. तिघांनी आधी बसून वाटणी करावी लागते. स्वागतात फक्त स्वागत, प्रास्ताविकात संस्था आणि व्याख्यानमाला, विषय आणि वक्ता फक्त परिचयात. कार्यक्रम सातचा असेल, तर या वाटणीनं वक्ता सव्वासातला माइकपाशी असू शकतो.

परिचय फसला की नाही, हे कळायलाही वेळ लागत नाही. वक्त्याची पहिली दोन वाक्यं ऐकायची. ‘मघाशी सांगितलंच आहे, त्यामुळे तो भाग मी गाळतो’ असं वाक्य आलं, तर त्याचं काहीतरी गेलं आहे. ‘एवढ्या कौतुकाला मी पात्र नाही’ यावर त्याची दोन मिनिटं गेली, तर स्तुती जास्त झाली आहे. आणि ‘आज तुम्ही पोट धरधरून हसणार आहात’ असं आधी सांगितलं असेल, तर पहिल्या विनोदाला येणारं हसू नेहमीपेक्षा बारीक येतं, कारण श्रोता हसण्याऐवजी ते हसू मोजत बसलेला असतो. याउलट वक्ता उठून थेट गोष्टीला हात घालतो, तेव्हा परिचय कुणाच्याच लक्षात राहत नाही. तो तसाच लक्षात न राहण्यासाठी लिहिलेला असतो, आणि लिहिणाऱ्यानं त्याबद्दल रुसू नये.

व्याख्यानमालांच्या संयोजकांना म्हणून एकच विनंती आहे. यंदाच्या मोसमात वक्त्याकडून माहिती मागवाल, तेव्हा तुमच्याकडे लिहिलेला परिचयही त्याला दोन दिवस आधी पाठवा. जी वाक्यं तो खोडून परत पाठवेल, ती कितीही आवडलेली असली तरी संध्याकाळी पुन्हा घालू नका.